फोटोतली रासायनिक समीकरणं टाइप करताना या चुका टाळा

पुस्तकाच्या पानाचा फोटो बघून सरावपत्रिका टाइप करायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. दुसऱ्यांनी टाइप केलेलं तपासायलाही माझ्याकडे येतं, आणि त्यात दरवेळी त्याच त्या चुका सापडतात. मराठी मजकूर लोक नीट वाचून टाइप करतात. समीकरण आलं की मात्र घाई करतात, किंवा फोनवर फोटोतला मजकूर बोटाने निवडून तसाच चिकटवतात. असा उचललेला मजकूर समीकरणाच्या बाबतीत मी वापरतच नाही. त्यात खालचे आणि वरचे आकडे सपाट होऊन एका ओळीत येतात, आणि नेमकं तेच महत्त्वाचं असतं.

खालचा आकडा आणि प्रभार एकमेकांना चिकटवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. सल्फेट आयन `SO42-` असा लिहिलेला दिसतो. वाचणाऱ्याला सवयीने कळतं की 4 खाली आहे आणि 2- वर. पण प्रत्येक आयन सल्फेटसारखा ओळखीचा नसतो.

एकदा अकरावीच्या धड्याची पत्रिका माझ्याकडे छापून झाल्यावर आली. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम हवेत जाळले की काय मिळतं, हा विषय. लिथियमपासून मुख्यतः साधं ऑक्साइड `Li2O` मिळतं, सोडियमपासून पेरॉक्साइड `Na2O2` आणि पोटॅशियमपासून सुपरऑक्साइड `KO2`. प्रश्न होता, `KO2` मध्ये कोणता ऋण आयन असतो? पर्याय असे छापले होते: (अ) `O2-` (ब) `O22-` (क) `O2-`. पहिला आणि तिसरा अक्षर न् अक्षर सारखे. पहिला ऑक्साइड होता, म्हणजे एकच ऑक्सिजन आणि प्रभार 2-. तिसरा सुपरऑक्साइड, म्हणजे दोन ऑक्सिजन मिळून प्रभार फक्त 1-. पानावर दोन्ही व्यवस्थित वेगळे होते. टाइप करणाऱ्याने फाइलमध्येही आकडे खाली-वर केले होते, पण ती फाइल निरोपातून साध्या मजकुरात पाठवली आणि सगळी मांडणी गळून गेली. वर्गात मुलं दोन उत्तरांपुढे अडून बसली, आणि ज्यांना विषय नीट येत होता तीच जास्त गोंधळली.

तेव्हापासून साध्या मजकुरात प्रभाराआधी मी `^` लावते. चिन्हाच्या आधीचा आकडा खालचा, नंतरचा प्रभाराचा. तिन्ही आयनांची पाण्याशी होणारी अभिक्रिया अशी दिसते:

```
O^2-  + H2O  -> 2OH^-
O2^2- + 2H2O -> 2OH^- + H2O2
2O2^- + 2H2O -> 2OH^- + H2O2 + O2
```

दोन पदं जोडणाऱ्या अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मी जागा सोडते, प्रभाराच्या चिन्हाआधी कधीच सोडत नाही. नाहीतर `Fe^2+ + Ce^4+` चं `Fe2++Ce4+` होतं आणि कोणता अधिक कुणाचा ते शोधत बसावं लागतं.

फोटोत आकडा खाली आहे की वर हेच दिसत नसेल तर? पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वळतं, ओळ तिरकी होते आणि खालचा आकडा वर सरकल्यासारखा वाटतो. अशा वेळी अंदाज बांधू नका, मोजा. वरची तिसरी ओळ घ्या. समजा तुम्ही तिथला आयन `O^2-` वाचलात. मग डावीकडे ऑक्सिजनचे अणू 2 आणि पाण्यातले 2, असे 4 होतात, उजवीकडे मात्र 6 आहेत. प्रभार डावीकडे 4-, उजवीकडे 2-. म्हणजे वाचन चुकलं. आता `O2^-` वाचून बघा: दोन्हीकडे ऑक्सिजन 6, प्रभारही दोन्हीकडे 2-. नुसते अणू मोजून थांबू नका, प्रभाराचीही बेरीज करा. प्रभार एकाने चुकला तरी अणू जुळलेलेच राहतात.

आयन नुसता वाक्यात आला असेल आणि समीकरण नसेल, तर संयुगाकडे बघा. `KO2` मध्ये पोटॅशियम 1+ आहे, म्हणून उरलेल्या `O2` वर 1-. `Na2O2` मध्ये सोडियम दोन, म्हणून 2-. यानेही सुटलं नाही तर पानाचा फोटो पुन्हा मागवा. मी दोन-तीनदा मागवते, लोक वैतागतात, पण मागवते.

युनिकोडमधले तयार छोटे आकडे वापरून `SO₄²⁻` लिहिता येतं आणि ते दिसतंही छान. पण काही फॉन्टमध्ये वरच्या वजा चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन येतो, आणि फाइलमध्ये `SO4` शोधलं तर अनेकदा ते सापडत नाही. अंतिम छपाईला ठीक. कामाच्या फाइलमध्ये मी ते ठेवत नाही.

बाण म्हणजे नुसती रेघ समजणं

आकडे मोजून पकडता येतात, बाण पकडता येत नाही. बाण चुकला तरी समीकरण संतुलितच राहतं, म्हणून इथे डोळेच उघडे ठेवावे लागतात. धूसर फोटोत `⇌` हा जोडबाण बरोबरच्या चिन्हासारखा दिसतो, किंवा त्याची एकच रेघ उमटते. मग लोक सगळीकडे एकच साधा बाण टाकत सुटतात. पण आम्लांच्या धड्यात सगळा फरक त्या बाणातच असतो:

```
HCl -> H^+ + Cl^-
CH3COOH <=> CH3COO^- + H^+
```

हायड्रोक्लोरिक आम्लाचं पाण्यात जवळजवळ पूर्ण विचरण होतं. ॲसेटिक आम्लाचं थोडंच होतं आणि समतोल राहतो. दुसऱ्या ओळीत साधा बाण टाकलात तर सौम्य आम्ल तीव्र होऊन बसतं. जोडबाणासाठी `<=>` लिहा, `<->` नको, कारण दोन टोकांचा एकच बाण संस्पंदन दाखवायला वापरतात. आणि `-->` टाइप केल्यावर लेखनाचा प्रोग्राम आपणहून त्याचा सुंदर बाण करत असेल, तर ती सोय बंद करा. तो बाण पुष्कळदा चिन्हांच्या खास फॉन्टमधला असतो आणि साध्या मजकुरात गेला की त्याचं `à` होतं. अख्ख्या पत्रिकेत बाणांच्या जागी `à` पडलेले मी पाहिले आहेत.

बाणावर लिहिलेली अट वरच्या ओळीत सोडू नका, ती बाणालाच बांधा: `CaCO3 ->[Δ] CaO + CO2`. तो त्रिकोण म्हणजे उष्णता. त्याला `A` समजून टाइप केलेलंही येतं.

बाकीच्या, थोडक्यात

मराठी कळफलक चालू ठेवून सूत्र लिहू नका. `H२O` मधला २ संगणकाला वेगळा आकडा वाटतो. `H20` मधलं शेवटचं अक्षर शून्य आहे, ऑक्सिजन नाही. `Cl` मध्ये लहान एल हवा, मोठा आय टाकलात तर तो आयोडीन. `Co` कोबाल्ट, `CO` कार्बन मोनॉक्साइड. मोरचूद `CuSO4·5H2O` लिहिताना ठिपका मध्यावर ठेवा आणि 5 पाण्याच्या आधी पूर्ण आकाराचा लिहा, तो खालचा आकडा नव्हे. द्रव अवस्थेचा `(l)` हा `(1)` झालेला तर मला जवळपास प्रत्येक फाइलमध्ये सापडतो, म्हणून शेवटी मी फाइलभर `(1)` शोधते आणि एकेक बघून बदलते. सगळे एकदम बदलू नका, त्यात प्रश्नांचे क्रमांकही असतात.