तासाचा हिशेब वहीत, कामाचा आकडा कोटेशनमध्ये

फ्रीलान्स सुरू केल्यावर माझं पहिलं मोठं काम होतं नौपाड्यातल्या एका काकूंचं. त्या घरगुती मसाले करतात. चार मसाल्यांच्या पाऊचची डिझाईन्स हवी होती. मी मनातल्या मनात ‘एका पाऊचला दीड हजार’ असा हिशेब केला आणि ६,००० रुपये सांगितले. काकू लगेच ‘हो’ म्हणाल्या. मला फार आनंद झाला.

नशिबाने त्या कामाचे तास मी वहीत लिहून ठेवले होते. काकूंच्या घरच्या फेऱ्या आणि बोलणं ४ तास, पहिल्या पाऊचचं डिझाईन ९, त्यावरून उरलेले तीन ६, प्रिंटची फाईल आणि प्रेसमधली ये-जा ५. आणि करेक्शन १७. एकूण ४१ तास. सहा हजाराला एक्केचाळीसने भागलं तर तासाला साधारण १४६ रुपये.

त्या १७ तासांकडे नीट बघायला हवं, कारण नवीन माणसाचे पैसे बहुतेक वेळा इथेच जातात. डिझाईन आवडलं नाही म्हणून केलेले बदल फक्त ६ तासांचे होते. उरलेले ११ तास मजकुराचे. काकूंनी घटकपदार्थांची यादी आधी तोंडी सांगितली, मग मिरचीच्या आधी धणे आले. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर यायचा होता, म्हणून मी जागा सोडली, ती पुरली नाही. हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण राहून गेली. आणि सगळं झाल्यावर वजन १०० ग्रॅमचं २०० ग्रॅम झालं. वजन बदललं म्हणजे पाऊच बदललं, पाऊच बदललं म्हणजे डायलाईन, म्हणजे पाऊच कुठे कापायचं आणि दुमडायचं याची आखणी बदलली, आणि मग चारही डिझाईन्स पुन्हा बसवायची. काकूंच्या दृष्टीने त्यांनी एक आकडा बदलला होता. त्यांची चूक नव्हतीच, कारण मजकूर कधी पक्का हवा हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

यावरून मी निष्कर्ष काढला, की कामाचा ठोक आकडा सांगणं धोक्याचं, आता तासावर काम करायचं. पुढचं काम महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीचं होतं, २४ पानी कॅटलॉग. तासाला ३५० रुपये सांगितले. पहिल्याच फोनवर त्यांच्या अकाउंट्सच्या माणसाने विचारलं, ‘मॅडम, पीओवर आकडा काय टाकू?’ त्यांच्या पीओवर, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरवर, तासाचा दर चालत नव्हता, रक्कम लागत होती. मी अंदाजाने ‘दहा हजारांच्या आत’ म्हटलं.

पहिल्या ८ पानांना १६ तास लागले. त्यात ग्रिड ठरली, फॉन्ट ठरले, प्रॉडक्टच्या तक्त्याची पद्धत ठरली. पुढची १६ पानं त्या साच्यात १२ तासांत झाली. एकूण २८ तास, ९,८०० रुपये. बिल पाठवलं तर विचारणा आली: सोळा पानं बारा तासांत होतात, मग आठ पानांना सोळा तास कसे? प्रश्न रास्तच होता, पण उत्तर त्यांना पटवणं अवघड गेलं. मी साचा चांगला बांधला म्हणून पुढचं काम भराभर झालं आणि तासाच्या हिशेबात त्या चांगल्या साच्याने माझंच बिल कमी केलं. जसजसा हात बसेल तसतसे त्याच कामाचे पैसे कमी मिळणार, ही तासाच्या दराची खोट आहे. गिऱ्हाइकालाही एकूण खर्च आधी कळत नाही, म्हणून तो प्रत्येक तासाकडे संशयाने बघतो.

दोन्ही अनुभवांनंतर माझी पद्धत ठरली. तासाचा दर काढायचा, पण स्वतःसाठी. गिऱ्हाइकाला सांगायचा तो कामाचा आकडा, आणि तो त्या तासांवरूनच काढायचा.

माझा दर मी असा काढला. महिन्याला घरात द्यायचे १५,०००, सॉफ्टवेअर, इंटरनेट आणि विजेचे ५,०००, लॅपटॉप तीन वर्षांनी बदलावा लागेल म्हणून बाजूला २,५००, प्रवास आणि फोन २,०००, विमा १,०००, बचत ४,५००. झाले ३०,०००, म्हणजे वर्षाचे ३,६०,०००. आता तास. इथे नवीन माणूस आठवड्याचे ४५ तास धरतो आणि फसतो. माझ्या वहीत ४५ तासांपैकी ज्याचं बिल होऊ शकेल असं काम जेमतेम २० तासांचं होतं. बाकीचा वेळ फोन, कोटेशन, पैशांची आठवण करून देणं, ठाणे-वाशी लोकल, नवीन शिकणं यात जातो. सण, आजारपण आणि रिकामे आठवडे सोडून वर्षाचे ४४ आठवडे धरले. ४४ गुणिले २० म्हणजे ८८० तास. भागाकार आला ४०९. मी ४५० धरला. तुमचा आकडा वेगळा येईल, पण तो शेजारच्या डिझायनरला विचारून ठरवू नका. तो आईवडिलांच्या घरात राहतो की घोडबंदर रोडला भाडं भरतो, यावर त्याचा आकडा ठरलेला असतो.

वर्षभराने काकूंचा फोन आला, ‘अगं, आणखी चार मसाले काढतेय. मागच्यासारखंच करून दे.’ या वेळी मी कामाचे तुकडे पाडले. बोलणं आणि समजून घेणं २ तास, मुख्य डिझाईन दोन ऑप्शनसह १०, उरलेली तीन पाऊच प्रत्येकी २ म्हणजे ६, करेक्शनच्या दोन फेऱ्या ४, प्रिंटची फाईल आणि प्रेस ३. एकूण २५. अंदाज नेहमी कमी पडतो, म्हणून वर पाचवा हिस्सा धरून ३०. गुणिले ४५०, म्हणजे १३,५००.

काकू म्हणाल्या, ‘मागच्या वेळी सहा घेतलेस ना गं?’ मी वही दाखवली. ‘काकू, मागच्या वेळी एक्केचाळीस तास गेले. त्यातले अकरा मजकूर बदलण्यात.’ त्या जरा वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘पण माझं बजेट दहाच्या आसपास आहे.’ इथे दर कमी करायचा मोह होतो. आपल्याच माणसाचं काम आहे, पुढे आणखी देतील, असं वाटतं. मी दर तसाच ठेवला आणि काम कमी केलं. जुन्या पाऊचचा साचा होताच, म्हणून मुख्य डिझाईनचा एकच ऑप्शन ठेवला, त्यात ४ तास वाचले. एक मसाला त्यांनी दिवाळीनंतर काढायचा ठरवला, त्याचे २. उरले १९, पाचवा हिस्सा धरून २३, म्हणजे १०,३५०. एकदा दर उतरवला की पुढच्या वेळी तोच तुमचा दर धरला जातो. काम कमी केलं तर तसं होत नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवलेलं कोटेशन असं होतं:

‘तीन मसाल्यांच्या पाऊचची डिझाईन्स (पुढची आणि मागची बाजू), एक ऑप्शन, करेक्शनच्या दोन फेऱ्या: १०,३५० रुपये. निम्मी रक्कम सुरुवातीला, उरलेली प्रिंटची फाईल देण्याआधी. वजन, घटक, लायसन्स नंबर, किंमत हा सगळा मजकूर टाईप करून आल्यावर काम सुरू होईल. एक फेरी म्हणजे सगळे बदल एकाच मेसेजमध्ये, एकाच व्यक्तीकडून. दोन फेऱ्यांनंतरचे किंवा मजकूर बदलल्याने होणारे काम तासाला ५०० रुपये, आधी विचारून. माझ्याकडून झालेली चूक मी विनामूल्य दुरुस्त करेन. छपाईचा खर्च वेगळा, थेट प्रेसला.’

यातलं ‘एकाच व्यक्तीकडून’ हे साधं वाटतं, पण घरगुती धंद्यात ते फार लागतं. काकूंना लाल रंग आवडतो, मुलाला काळा आणि सुनेला मोकळी जागा हवी असते. तिघांचे मेसेज तीन दिवशी आले तर त्या तीन फेऱ्या होतात. आपसात ठरवून एक मेसेज आला की ती एक. आणि जादा कामाचा दर नेहमीपेक्षा थोडा चढा ठेवावा, कारण ते काम दुसऱ्या कामाच्या मध्येच येतं.

म्हणजे तासाचा दर कोटेशनमध्येही असतोच, फक्त हद्दीच्या पलीकडच्या कामासाठी. काही कामं मात्र मी पूर्ण तासावरच घेते. दुसऱ्याने केलेली फाईल दुरुस्त करायची असेल तर ठोक आकडा कधीही सांगू नका. वाशीच्या एका क्लिनिकचं माहितीपत्रक आलं होतं, ‘फक्त फोन नंबर आणि दोन ओळी बदलायच्यात.’ कोरलची जुनी फाईल उघडली तर लोगो व्हॉट्सॲपवरून घेतलेला, फुटका. मराठी मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये आणि नवीन ओळी मोबाईलवरून युनिकोडमध्ये आलेल्या. त्या चिकटवल्या की अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसायचं. कन्व्हर्ट केल्या तर रफार सरकलेले, जोडाक्षरं तुटलेली. शेवटी सगळा मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये नव्याने घेतला आणि प्रत्येक ओळ मूळ छापील पत्रकाशी ताडून पाहिली. अशा फाईलच्या आत काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. तिथे ‘तासाला इतके, चार तासांपर्यंत, त्यापुढे विचारून’ अशी वरची मर्यादा घालून सांगायचं. मर्यादेमुळे गिऱ्हाईक निर्धास्त राहतं आणि आपला वेळही फुकट जात नाही.

एक अडचण या पद्धतीने सुटत नाही. पुष्कळ प्रेसवाले छपाईची ऑर्डर दिली की डिझाईन फुकट करून देतात. फक्त व्हिजिटिंग कार्ड किंवा लग्नाचा बॅनर हवा असलेल्या माणसाला तुमचे ४५० गुणिले चार तास महागच वाटणार. तिथे दर पाडून प्रेसशी स्पर्धा करण्यापेक्षा मी सरळ सांगते, की प्रेसमध्येच करून घ्या.

काकूंच्या दुसऱ्या कामाला २१ तास लागले. फाईल फायनल झाल्यावर त्यांनी एका मसाल्याची किंमत आणि वजन बदललं. मी आधी फोन करून सांगितलं, ‘काकू, दोन तास जातील, हजार रुपये होतील.’ त्या म्हणाल्या, ‘कर.’ मूळ कामाचे तासाला ४९३ पडले. करेक्शन ४ तास धरली होती, ती अडीच तासांत आटोपली, पण प्रेसमध्ये ३ ऐवजी ५ तास गेले, कारण पाऊचच्या फिल्मवर हळदीचा पिवळा फिका आला आणि मला वागळे इस्टेटला दुसरी फेरी मारावी लागली. पाऊचच्या पुढच्या कोटेशनमध्ये प्रेसचे मी ५ तास धरले आहेत.