नाव जुनं, वस्तू नवी: डेटॉल साबणाची चूक तुम्ही करू नका

गुडघा फुटला की आई वाटीतल्या पाण्यात डेटॉलचं अर्धं झाकण ओतायची. पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं, तो ओळखीचा वास यायचा आणि कापूस टेकवला की झोंबायचं. झोंबतंय म्हणजे जंतू मरतायत, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. या ब्रँडवरचा विश्वास त्या तीन खुणांत आहे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात डेटॉलचा अंगाचा साबण आला, तेव्हा नेमकं हेच विसरलं गेलं. जाहिरातीचा सूर माया-जिव्हाळ्याचा, इतर सौंदर्यसाबणांसारखा होता. पण नाजूक कांतीसाठी डेटॉल कोण घेईल? साबण चालला नाही. मग त्याची मांडणी बदलली: धूळ-घामाने माखून घरी आल्यावर, साधी आंघोळ पुरेशी वाटत नाही तेव्हाची ‘शंभर टक्के आंघोळ’. आता साबण जखमेच्या बाटलीचाच भाऊ वाटू लागला आणि चालला.

म्हणजे पहिली चूक ही की नव्या बाजारात शिरताना तिथल्या जुन्या खेळाडूंचीच भाषा उचलायची. त्यांच्यासारखं बोललात तर तुमचं नाव घेण्याचं कारणच उरत नाही. त्यापेक्षा दहा-पंधरा नेहमीच्या गिऱ्हाइकांना विचारा, ‘यातून काय काढलं तर ही वस्तू तुम्हाला बनावट वाटेल?’ ‘चांगली आहे’ असल्या उत्तरांचा उपयोग नाही. वास, रंग, झोंबणं अशी ठोस खूण हाती लागली पाहिजे. ती नव्या वस्तूत उपयोगी पडते का, हे मग पाहायचं.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण इथे खूण खरीच असते, पण चुकीच्या जागी. डेटॉलने २०१३ मध्ये भांड्यांचं जेल आणलं. जंतू मारणं ओट्यावर पटतं. पण जेवायच्या ताटाला औषधाचा वास? प्रतिस्पर्ध्याने जाहिरातीत याच शंकेवर बोट ठेवलं, आणि वाद कोर्टापर्यंत गेला.

ही अडचण आधी ओळखायची असेल तर चाचणी दोनदा घ्या: एकदा नाव झाकून, एकदा नाव दाखवून. नाव दाखवल्यावर पसंती घसरली, तर वस्तू ठीक आहे, नाव आड येतंय. अशा वेळी दुसरं नाव घ्या. मूळ नाव ताणू नका. (मालकांना हे सांगणं अवघड असतं, त्यांना नावाचाच अभिमान असतो.)

बाजारात उतरल्यावर पहिल्या महिन्याच्या विक्रीवर भुलू नका. पहिलं पाकीट जुन्या नावामुळे उचललं जातं. संपल्यावर तेच गिऱ्हाईक परत येतं का, हे वाण्याला विचारा. शिवाय मूळ वस्तूच्या गिऱ्हाइकांना दर तीन महिन्यांनी तोच सुरुवातीचा प्रश्न विचारत राहा. उत्तरातली जुनी खूण पुसट होऊ लागली, तर नव्या वस्तूचा खप कितीही असो, तिथेच थांबा.