हिरवा चुडा आणि क्रोमा

सीन नवरीचा, आमचा स्टुडिओ जेमतेम पंधरा फूट खोल. हिरव्या पडद्यासमोर क्रोमा की करताना, म्हणजे पडद्याचा रंग काढून तिथे दुसरं दृश्य बसवताना, हातातला चुडा पडद्याबरोबरच गायब झाला असता, आणि चुडा तर बदलता येत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्येच लिहिलं: ‘निळा पडदा, कमरेपासून वर, पाय दिसणार नाहीत.’ पाय नसले की जमिनीवरच्या सावल्यांची कटकट मिटते.

निळ्याला प्रकाश जास्त लागतो. पडद्यावर दोन्ही बाजूंनी सॉफ्टलाइट, नवरी त्याच्यापुढे सहा फूट, तिची लाइट वेगळी. तरी मॉनिटरवर जबड्याखाली निळी झाक दिसलीच. तिला आणखी दोन फूट पुढे घेतलं, बाजूला काळं कापड लावलं, झाक गेली. कपड्यांच्या नोंदीत: निळं नको, चकाकती जर नको, जरीत पडदा उमटतो.