फुकट मिक्सर, ४९ रुपये डिलिव्हरी : या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की नाशिकच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असली लिंक हमखास फिरते. वर एखाद्या नावाजलेल्या दुकानाचा लोगो, खाली वर्धापनदिनाचा सर्व्हे, चार सोपे प्रश्न. मग नऊ बंद खोक्यांतून एक उघडायचं. पहिलं रिकामं निघतं, दुसऱ्यात मिक्सर! आता लिंक पाच ग्रुपवर पाठवा आणि डिलिव्हरीचे ४९ रुपये कार्डाने भरा.

तुमच्या उत्तरांशी तिथे कुणाला देणंघेणं नसतं. शंका असेल तर पान पुन्हा लोड करून बघा. "फक्त ३ मिनिटं शिल्लक" म्हणणारं घड्याळ पुन्हा तिनापासून सुरू होतं आणि मिक्सर परत दुसऱ्यांदा उघडलेल्या खोक्यातच निघतो. "मला आजच मिळाला" म्हणणाऱ्यांच्या नावावर बोट ठेवलं तर बहुतेक वेळा काहीच उघडत नाही, कारण त्या प्रतिक्रिया पानावरच छापलेल्या असतात. एवढं दिसलं की पान बंद करावं. पण "४९ रुपयेच तर आहेत, गेले तर गेले" हा विचार आड येतो.

सिडकोतल्या एका काकूंनी असंच म्हणून कार्डाचा सोळा आकडी नंबर, मुदत आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही भरला. ओटीपी आला, तोही खरोखर त्यांच्या बँकेचाच. पानावर ४९ रुपये लिहिलेले होते, मेसेजमध्ये मात्र २४,९९९ रुपये आणि कुठल्याशा मोबाइल विकणाऱ्या साइटचं नाव होतं. काकूंनी मेसेज उघडलाच नाही. कीबोर्डच्या वर कोड आपोआप दिसला, त्यावर बोट दाबलं, झालं. त्या सर्व्हे भरत असताना पलीकडे कोणीतरी त्यांच्याच कार्डावर खरेदी करत होतं. वर पानाने "ओटीपी चुकीचा, पुन्हा टाका" असं सांगितलं. दुसरा ओटीपी म्हणजे दुसरी खरेदी.

म्हणून ओटीपी टाकण्याआधी मेसेज उघडून रक्कम आणि पैसे कुणाला जाणार ते नाव वाचायचं. दोन्हींपैकी एक जरी जुळलं नाही तरी तिथेच थांबायचं. कोड टाकला नाही तर तो व्यवहार पुरा होत नाही. पण कार्डाचे तपशील तोवर त्यांच्याकडे गेलेले असतात, हे विसरू नका.

"मी ओटीपी दिलाच नाही, मग काय होणार?" हा दुसरा गैरसमज. आपल्याकडच्या साइटवर साधारणपणे ओटीपी लागतो, पण काही परदेशी साइट नंबर, मुदत आणि सीव्हीव्हीवरच पैसे काढू शकतात. कधी आधी किरकोळ रक्कम कापून कार्ड चालतं का ते बघतात, मोठा घाव नंतर. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करता येतात. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच ही सोय सक्तीची केली आहे. परदेशी खरेदी करत नसाल तर ते बटण बंदच बरं.

तपशील गेल्यावर होणारी सगळ्यात वाया जाणारी धावपळ म्हणजे एटीएमवर जाऊन पिन बदलणं. ऑनलाइन खरेदीला पिन सहसा लागतच नाही, त्यामुळे पिन बदलून चोराला काही फरक पडत नाही. कार्डच ब्लॉक करावं लागतं, नव्या नंबरचं कार्ड घ्यावं लागतं. ब्लॉक करायला बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअरही बसलेले असतात. नंबर कार्डाच्या मागेच छापलेला असतो.

"उद्या शाखेत जाऊन सांगू" यात तर सरळ पैसे जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार ग्राहकाने स्वतःच तपशील दिले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर होणारं बँकेचं. म्हणजे काकूंचे पहिले २४,९९९ त्यांच्या माथी आणि कळवल्यानंतर काही कापलं गेलं तर ते बँकेच्या. म्हणून रात्री अकरा वाजले असले तरी फोन करायचा आणि तक्रार क्रमांक वेळेसकट लिहून ठेवायचा. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक सांगा. पैसे पुढे कुठे गेले असतील तिथे अडवण्याचा प्रयत्न तिथून होतो, आणि जितका उशीर तितकी ती शक्यता कमी. मग cybercrime.gov.in वर तक्रार. लिंक, पानाचा स्क्रीनशॉट आणि ओटीपीचा मेसेज पुरावा म्हणून जोडता येतो, पण लाज वाटून बरेच जण नेमका तोच आधी डिलीट करतात.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. दरम्यान "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" असा फोन आला तर नवल नको. मिक्सर पोचवायला म्हणून तुमचा मोबाइल नंबरही त्याच फॉर्मवर लिहून घेतलेला असतो.