एआरचा रुग्ण समोर असताना या चुका टाळा

एओर्टिक रिगर्जिटेशन, म्हणजे महाधमनीची झडप नीट न मिटल्याने रक्त उलटं डाव्या कप्प्यात गळणं. वॉर्डात सगळे एआर म्हणतात, मीही तेच म्हणेन. निवासी डॉक्टरांच्या आणि परीक्षेला बसलेल्या मुलांच्या ज्या चुका वर्षानुवर्षं बघतोय, त्या इथे लिहितोय. दोन चुकांवर जरा जास्तच लिहिलंय, कारण त्या दोन मला खरोखर छळतात.

चूक पहिली: बीपी घेण्याआधी खुणांची यादी म्हणणे

एआरची लाँग केस मिळाली की मुलं खूश होतात. मान डोलते ती डी म्युसेची खूण, नखात लाली ये-जा करते ती क्विंकेची, मांडीच्या धमनीवर गोळी झाडल्यासारखा आवाज तो ट्रॉबचा. धडाधड सगळं येतं. मग मी विचारतो, बीपी किती? "सर, दीडशे." आणि खालचं? तिथे गाडी थांबते.

खालचा आकडाच तर महत्त्वाचा आहे. डावा कप्पा दर ठोक्याला नेहमीचं रक्त आणि वर गळून परत आलेलं रक्त असं दोन्ही बाहेर फेकतो, म्हणून वरचं बीपी चढतं. मग कप्पा सैल पडला की धमनीतलं रक्त पुढे जातंच, पण मागेही गळतं, म्हणून खालचं कोसळतं. १५०/४५ हे बीपी बघितलं की निम्मं निदान हातात आलं. ज्या खुणांना मोठमोठ्या माणसांची नावं आहेत, त्या सगळ्या या एकाच गोष्टीची वेगवेगळ्या जागी दिसणारी रूपं आहेत: नाडी जोरात वर येते आणि लगेच खाली पडते. दहा नावं सांगून दहा पुरावे होत नाहीत, पुरावा एकच राहतो.

माझी सवय सांगतो. मशीनचा आकडा एआरमध्ये मी मानत नाही, पाऱ्याचं किंवा डायलचं यंत्र घेऊन हाताने बीपी घेतो. कफमधली हवा सावकाश सोडायची, सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर. घाईची मंडळी ऐंशीच्या खाली आली की फस्सकन सगळी हवा सोडून देतात आणि "७०" लिहून मोकळी होतात. गळती जास्त असली तर आवाज शून्यापर्यंत ऐकू येत राहतात. अशा वेळी आवाज जिथे एकदम दबका होतो तो आकडा खालचं बीपी म्हणून धरायचा आणि शून्यही लिहायचं: १५०/४५/०. वहीत असे तीन आकडे लिहिलेले दिसले की मला कळतं, या मुलाने कान देऊन ऐकलंय.

त्यानंतर मान बघा. १८३२ मध्ये डब्लिनच्या डॉमिनिक कॉरिगनने मानेतल्या धमन्यांची ठसठशीत उसळी वर्णन करून ठेवली. ती बघायला रुग्णाला हात लावायचीही गरज नसते, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहिलं तरी दिसते. मग मनगट तळव्यात धरून हात डोक्याच्या वर उचला. नाडी तळव्याला थापटी मारून गायब होते. एवढं पुरे. मांडीवर स्टेथोस्कोप दाबत बसायची हौस असेल तर नंतर भागवा.

आणि बीपीतलं हे अंतर म्हणजे एआरच, असंही नाही. हिमोग्लोबिन पाचवर आलेली बाई, थायरॉइड वाढलेला माणूस, तापाने फणफणलेला मुलगा, गरोदर बाई, यांचीही नाडी अशीच उसळते. म्हाताऱ्या माणसाच्या ताठ धमन्यांमुळे १७०/७० दिसतं. म्हणून शेवटी मर्मर ऐकावीच लागते.

चूक दुसरी: झोपलेल्या रुग्णाच्या छातीवर मर्मर शोधणे

एआरची मर्मर बारीक, श्वास फुंकल्यासारखी असते आणि दुसऱ्या ध्वनीला चिकटून सुरू होते. रुग्णाला उठवून बसवा, पुढे वाकवा, श्वास पूर्ण सोडून धरून ठेवायला सांगा, आणि स्टेथोस्कोपची पडदी उरोस्थीच्या डाव्या कडेला तिसऱ्या फासळीच्या मोकळ्या जागेवर घट्ट दाबा, इतकी की त्वचेवर गोल वळ उठला पाहिजे. आपणही श्वास धरायचा. मी तर डोळेही मिटतो. मर्मर किती मोठी आहे यापेक्षा किती वेळ टिकते याकडे लक्ष द्या. जुन्या एआरमध्ये गळती जितकी जास्त तितकी ती लांबत जाते.

चूक तिसरी: वरचं बीपी बघून गोळी लिहिणे

१६०/५० बघून कुणीतरी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल सुरू करतं. ठोके मंदावले की दोन ठोक्यांमधली वेळ वाढते, आणि गळायला तीच तर वेळ लागते. बीपी खरंच उतरवायचं असेल तर ॲम्लोडिपिन किंवा एसीई इन्हिबिटर गटातली गोळी बरी. आणि गोळीने झडप शिवली जात नाही, हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगून टाका.

चूक चौथी: सगळ्यांना पन्नासच्याच मापाने मोजणे

ही चूक माझ्या डोक्यात बसलेली आहे.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक बाई आल्या, वय ३६, उंची १४८ सेंटिमीटर, वजन ४५ किलो. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, म्हणजे संधिवाती तापाने झडप खराब झालेली. तीन वर्षं दुसरीकडे दर वर्षी इको होत होता आणि दर वर्षी एकच शेरा मिळत होता: "गळती तीव्र, लक्षणं नाहीत, कप्पा शस्त्रक्रियेच्या मापापर्यंत आलेला नाही, वर्षाने या." बीपी १४८/४२. मान लांबूनच उसळताना दिसत होती.

निवासी डॉक्टरने विचारलं, दम लागतो का? "नाही हो, काही त्रास नाही." त्याने लगेच लिहिलं, लक्षणं नाहीत. सोबत त्यांची जाऊ होती. ती म्हणाली, "डॉक्टर, ही आता पाण्याला येतच नाही. हंडे मीच आणते." बाई चटकन म्हणाल्या, "दमामुळे नाही, जमत नाही म्हणून." आता जमत नाही म्हणजे काय, ते मी निवासी डॉक्टरला शोधायला लावलं. दोघं जिना चढायला गेले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

खरं तर इथेच निर्णय झाला होता. तीव्र एआरमध्ये दम लागायला लागला की शस्त्रक्रियेची वेळ झाली, मग कप्प्याचं माप काहीही असो. पण "दम लागतो का" या प्रश्नाला एआरचा रुग्ण बहुधा नाहीच म्हणतो. त्रास वर्षानुवर्षं इतका हळू वाढतो की माणूस कामं सोडत जातो आणि तेच आपलं नेहमीचं समजतो. म्हणून मी विचारतो, गेल्या वर्षी काय करत होतात जे आता करत नाही? आणि उत्तर घरच्यांकडून घेतो.

आता मापाकडे येऊ. या रोगात कप्पा आधी मोठा होतो, पण जोर टिकवून असतो. आकुंचन पावून संपल्यावर कप्पा किती उरतो, ते माप सांगतं की स्नायू थकायला लागलाय की नाही. मार्गदर्शिकांमधला ५० मिलिमीटरचा आकडा याच मापाचा आहे. बाईंचं हे माप तीन वर्षांत ३३, ३७ आणि ४१ असं आलं होतं. इजेक्शन फ्रॅक्शन ६४, ६० आणि ५६ टक्के. शेरा मारणाऱ्याने ४१ बघितलं, पन्नासला अजून नऊ कमी आहेत असं म्हटलं आणि कागद फाइलला लावला.

पण त्याच मार्गदर्शिकांत दुसरा आकडाही आहे: शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला २५ मिलिमीटर. पृष्ठफळ काढायला उंची आणि वजन गुणा, ३६०० ने भागा, वर्गमूळ घ्या. बाईंचं आलं १.३६. म्हणजे त्यांच्यासाठी रेषा ५० वर नव्हतीच, ३४ वर होती. ती त्यांनी वर्षापूर्वीच ओलांडली होती. आज ४१ ला १.३६ ने भागलं तर ३० येतं. पन्नासचा आकडा सहा फुटी, ८५ किलोच्या माणसाला बरोबर बसतो, कारण त्याचं पृष्ठफळ दोनच्या थोडं वर असतं. आपल्याकडच्या बुटक्या, बारीक बायकांना तो लावला की त्या शस्त्रक्रियेपर्यंत उशिरा पोचतात, आणि तोवर थकलेला स्नायू झडप बदलूनही पूर्ण सावरत नाही.

इजेक्शन फ्रॅक्शनचंही तसंच. ५६ टक्के म्हणजे "नॉर्मल" असं वाचू नका. एआरमध्ये कप्पा जास्तीचं भरतो आणि जास्तीचं बाहेर फेकतो, म्हणून स्नायू थकायला लागला तरी आकडा बराच काळ टिकून राहतो. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत लक्षणं नसली तरी ५५ टक्के किंवा त्याखाली शस्त्रक्रिया सांगितलीय. बाई त्या कडेवर उभ्या होत्या.

भागाकाराच्या दोन मर्यादाही सांगतो, नाहीतर उत्साही मंडळी उद्यापासून सगळ्यांना टेबलावर घेतील. लठ्ठ माणसात चरबीने पृष्ठफळ वाढतं आणि भागाकार कमी येतो, धोका झाकला जातो. तिथे नुसतं मापही बघायचं. आणि इको करणारा बदलला की दोन-तीन मिलिमीटर इकडचे तिकडे होतात. त्यामुळे निर्णय मापावरच अडला असेल तर एका इकोवर घेऊ नका. मी जुन्या फिल्म मागवतो, तीन आकडे एका ओळीत लिहितो आणि मगच शल्यचिकित्सकाला फोन करतो.

बाईंची झडप बदलली. सहा महिन्यांनी माप ३३ वर आलं.

चूक पाचवी: खालचं बीपी सुधारलं म्हणून खूश होणे

४० वरून ६० झालं, दम मात्र वाढला. हे औषधाचं यश नव्हे. कप्पा ताठून आतला दाब चढला की गळायला जागाच उरत नाही, धमन्याही आवळतात, आणि बीपीतलं अंतर कमी होतं. अचानक झालेल्या एआरमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने झडप फाटली किंवा महाधमनी चिरली, तर हे अंतर सुरुवातीपासूनच दिसत नाही. कप्प्याला मोठं व्हायला वेळच मिळालेला नसतो. मर्मर आखूड असते, नाडी १२०, फुप्फुसात पाणी. तिथे उसळती नाडी शोधत बसलात तर रुग्ण हातचा जाईल. ठोके मंद करू नका, आणि अतिदक्षता विभागात कुणी महाधमनीत फुगा घालायला निघालं तर हात धरा. फुगा नेमका गळतीच्या वेळी फुगतो.

उरलेल्या, एकेका ओळीत

तीव्र एआर आणि लक्षणं नाहीत, तर इको सहा ते बारा महिन्यांनी, "त्रास झाला तर या" असं नाही.

झडप बघितली आणि महाधमनीचं मूळ मोजलंच नाही, असा इको परत पाठवा.

शिखरावर गडगडणारी मर्मर ऐकली की लगेच मायट्रल झडप अरुंद म्हणू नका, ऑस्टिन फ्लिंटने १८६२ मध्येच सांगितलंय की ती निव्वळ एआरमुळेही येते.

संधिवाती तापाच्या रुग्णाची झडप बदलली म्हणून पेनिसिलिनची इंजेक्शनं बंद करू नका, बाकीच्या झडपा त्याच शरीरात आहेत.