व्ही गळा: टाके कसे घटवायचे आणि पट्टी का फाकते

दिवाळी आटोपली की आमच्याकडे क्रोशाच्या हाफ स्वेटरच्या ऑर्डरी सुरू होतात. हरभऱ्याला, गव्हाला रात्री ओलित करायला जाणारी माणसं शर्टावर बिनबाह्यांचं स्वेटर चढवतात, आणि कॉलर बाहेर राहावी म्हणून गळा व्हीच मागतात. गटात नव्यानं आलेल्या बायका पाठ, पोट, मुंढा नीट विणून आणतात. अडतं ते गळ्यापाशी. "ताई, हा गळा छातीवर बसूनच नाही रायला," असं म्हणत कुणीतरी स्वेटर पुढ्यात टाकते. बघावं तर दोन्ही बाजू वेगळ्या तिरप्या आणि पट्टी छातीपासून सुटून उभी.

या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. तिरपेपण घटीच्या वाटणीतून बिघडतं. पट्टी फाकते ती टाके जास्त झाले म्हणून, नाहीतर कोनात कमी घटवले म्हणून. परवाच्या एका ऑर्डरीचं माप घेऊन सांगते.

मध्यम बांध्याचे काकाजी, ४ मिमीची सुई, खांबाची वीण. आधी तळहातापेक्षा मोठा चौकोन विणून मधोमध मोजलं, तर १० सेंमीत १६ खांब आणि ८ ओळी आल्या. तुमचा हात घट्ट असेल तर हे आकडे बदलतील, तेव्हा माझे उतरवून घेऊ नका, रीत घ्या. मुंढ्याची घट संपली तेव्हा पुढच्या भागावर ५७ खांब उरले होते. संख्या विषम ठेवली, म्हणजे मधला एक खांब व्हीच्या टोकाला सापडतो. त्यात साडीची पिन अडकवली. आता दोन्हीकडे २८-२८. खांद्याला १४ हवेत, म्हणजे प्रत्येक बाजूनं १४ घटवायचे. गळ्याची खोली साधारण २२ सेंमी, त्याच्या १८ ओळी होतात.

१८ ओळींत १४ घटी. म्हणजे चार ओळींत घट नाही. बहुतेक जणी पहिल्या १४ ओळींत सलग घटवून टाकतात आणि वरच्या चार साध्या विणतात. मग गळा खालून भराभर रुंद होतो आणि खांद्याजवळ मोडल्यासारखा उभा होतो. त्या चार साध्या ओळी मधेमधे पेरायच्या. चार घटीच्या, एक साधी. पुन्हा चार घटीच्या, एक साधी. मग तीन घटीच्या, एक साधी. आणि शेवटी तीन घटीच्या, एक साधी. शेवटची ओळ साधी आली की खांद्याची शिवण सरळ बसते. प्रत्येक साध्या ओळीनंतर टाके मोजा: २४, २०, १७, १४. यातला एकही आकडा चुकला तर तिथूनच उसवा, पुढे जाऊन सांधता येत नाही.

एक बाजू पूर्ण विणून झाली की दुसरीसाठी पिनेच्या पलीकडे नवा दोरा जोडायचा. पिनेचा खांब तसाच राहू द्यायचा. घट नेहमी गळ्याच्या बाजूनं, म्हणजे एका ओळीत शेवटी येते आणि उलटून आलात की पुढच्या ओळीत सुरुवातीला.

घट अगदी कडेच्या खांबावर घेऊ नका, तिथं पायऱ्या पडतात आणि पट्टीचे टाके उचलताना भोकं दिसतात. कडेचा एक खांब तसाच ठेवून त्याच्या आतले दोन एकत्र घ्यायचे. पहिला खांब अर्धाच करायचा, सुईवर दोन फास ठेवून. मग सुईला दोरा गुंडाळून पुढच्या टाक्यात घालायची, दोरा ओढायचा, दोन फासांतून काढायचा. आता सुईवर तीन फास असतात. दोरा घेऊन तिन्हीतून एकदम काढला की दोन खांबांचं एकच डोकं होतं. ओळ उलटताना मी दोन साखळ्या घेते, त्या टाक्यात धरत नाही आणि लगेच पहिल्या टाक्यातच खांब घालते. तीन साखळ्यांना खांब धरायची पद्धत चुकीची नाही, पण तिच्या शेजारी फट राहते आणि परतताना तो टाका विसरला की मोजणी बिघडते.

आता पट्टी. आधी खांदे शिवून घ्या, म्हणजे गळ्याभोवती गोल फिरता येतं. पट्टीला एक नंबर बारीक, ३.५ मिमीची सुई घ्या आणि मुके खांब विणा. तिरप्या कडेला एका ओळीमागे दोन मुके खांब बसतात, म्हणजे एका बाजूला ३६. सुई कडेच्या खांबाच्या दोऱ्यांतून घाला, खांबाशेजारच्या पोकळीतून नको, नाहीतर जाळी दिसते. मागचा गळा सरळ आहे, तिथे २९ टाक्यांपैकी ३ अधूनमधून सोडून २६ घ्यायचे. तिरपी कड ताणली जाते, म्हणून पट्टी तिच्यापेक्षा किंचित आखूड हवी. बारीक सुईनं ते काम आपोआप होतं.

पहिला फेरा झाला की गळा सतरंजीवर सपाट पसरून बघा. पट्टीला लहरी येत असतील तर टाके जास्त आहेत. विणीला चुण्या पडून व्हीचं टोक वर ओढलं जात असेल तर कमी. हाताला कळतं, डोळ्यांनाही दिसतं, आणि उसवायचं असेल तर इथंच, एकाच फेऱ्यात उरकतं.

टोकाला पिनेचा खांब आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक, असे तिन्ही मिळून एक मुका खांब करायचा. तिघांतून फास ओढून घ्यायचे आणि शेवटी सगळ्यांतून दोरा एकदम काढायचा. पिन काढून त्या नव्या टाक्यात लावायची, पुढच्या फेऱ्यात तोच मधला. एवढं बहुतेकींना ठाऊक असतं. पण आपल्या गळ्यासारखा खोल आणि अरुंद व्ही असला की प्रत्येक फेऱ्याला आतली कड बरीच आखडते आणि तिघांचा एक करून दोन्हीकडचा एकेकच टाका कमी होतो. उरलेले टाके कुठे जाणार? टोकापाशी फुगतात आणि पट्टी उभी राहते. म्हणून दुसऱ्या फेऱ्यात तिघांच्या एकाच्या दोन्ही बाजूंना, एक टाका सोडून, दोनांचा एक असं आणखी एकेकदा घटवते. रुंद आणि उथळ गळ्याला याची गरज नाही, तिथं केलं तर टोकच खेचलं जाईल.

मी दोनच फेरे घेते. पट्टी रुंद केली तर गळा लहान होत जातो आणि क्रोशाची पट्टी दोन सुयांवरच्या विणकामाइतकी ताणत नाही. दोरा तोडण्याआधी स्वेटर डोक्यातून घालून बघायचं; काकाजी हजर नसतील तर घरातल्या मोठ्या माणसाच्या डोक्यातून. वरून साखळीची घट्ट ओळ ओढून कड आवळायचा मोह होतो. ती ओढली की कड छान दिसते आणि डोकं अडकतं.

तालुक्याच्या बाजारात मिळते ती लोकर बहुतेक अॅक्रिलिक असते. तिच्यावर गरम इस्त्री दाबली की वीण लुळी पडते आणि परत ताठ होत नाही, मग नीट घेतलेली पट्टीही लोंबते. त्यापेक्षा स्वेटर पाण्यात बुडवून, टॉवेलमध्ये दाबून, गादीवर गळा मापात पसरवायचा. टोकाला आणि खांद्यांना पिना लावून सावलीत वाळू द्यायचा. दोरीवर टांगून वाळवलं तर ओल्या स्वेटरच्या वजनानं तो गळा एका रात्रीत लांबतो, हे गिऱ्हाइकाला स्वेटर देतानाच सांगून टाका.