रात्रपाळीची हँडओव्हर नोट: साडेपाचचा ताप कुठे गेला?

मेडिसीन वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टर आणि ब्रदर यांना ओव्हर कशी द्यायची, हे कॉलेजात शिकवलेले असते. त्यामुळे नोटमध्ये नाव, बेड नंबर, निदान, सलाईन, कॅथेटर या गोष्टी कोणत्या क्रमाने लिहाव्यात, हे मी सांगत बसणार नाही. मी ज्या एका गोष्टीत फसले, तेवढ्याविषयीच लिहिते, कारण त्या नोटेतील ओळ मला आजही तोंडपाठ आहे. सकाळी पावणेआठला मी लिहिले होते: ‘तापमान ९९.२, ताप नाही, पॅरासिटामॉल दिले, रात्री झोप बरी.’ यातला एकही शब्द मी मनाचा लिहिला नव्हता, आणि तरीही ती नोट दिशाभूल करणारी होती.

रुग्ण चौतीस वर्षांचा होता, तापाचा चौथा दिवस होता, आणि टायफॉइड की आणखी काही, हे ठरायचे होते. माझी ड्यूटी रात्री ८ ते सकाळी ८ अशी होती. संध्याकाळी ६ वाजता त्याला पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी दिलेली होती आणि ८ वाजता ताप १००.२ होता. रात्री ११:४० ला मावशींनी हाक मारली, तेव्हा तो थंडीने कुडकुडत होता. त्या वेळी तापमान १०२.४ आले. डॉक्टरांना कळवले, त्यांनी शिरेतून १ ग्रॅम पॅरासिटामॉल सांगितले, आणि ११:५५ ला ते पंधरा मिनिटांत जाईल अशा वेगाने सुरू केले. १२:१५ ला पुन्हा पाहिले तर १०३.४. हे आवर्जून सांगते, कारण नवीन मुली इथे घाबरतात आणि औषध लागू पडले नाही असे समजतात. थंडी वाजत असते तेव्हा ताप अजून चढत असतो, म्हणून कुडकुडताना घेतलेला आकडा हा शिखराचा आकडा नसतो. अर्ध्या तासाने पुन्हा पाहावेच लागते. १२:२० ला दोन्ही हातांतून ब्लड कल्चर घेतले आणि त्यानंतर १२:४० ला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा पहिला डोस दिला. २ वाजता ताप १०० वर आला, ४ वाजता ९९.८ होता. पहाटे ५:३० ला पुन्हा १०१.८. ५:४५ ला ६५० ची गोळी दिली, आणि ७:३० ला तापमान ९९.२ भरले.

आता चार्टकडे पाहा. आमच्या टीपीआर चार्टवर दर चार तासांचे रकाने आहेत: ८, १२, ४, ८. त्यात मी १००.२, १०३.४, ९९.८ आणि ९९.२ असे चार ठिपके दिले. ते जोडले की एक सुंदर रेघ तयार होते, मध्यरात्री एकदा चढून नंतर शांतपणे उतरलेल्या तापाची. पहाटे साडेपाचचा ताप दोन रकान्यांच्या मधल्या जागेत होता, म्हणून तो कागदावर आलाच नाही. तो ट्रीटमेंट शीटवरही आला नाही, कारण तिथे मी एसओएसच्या चौकटीत नुसती सही केली होती आणि वेळ टाकली नव्हती.

सकाळच्या राउंडमध्ये डॉक्टरांनी चार्ट आणि माझी नोट पाहून ताप उतरल्याची नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडण्याचा विचार बोलून दाखवला. ९ वाजता रुग्णाने अंग दुखते म्हणून सांगितल्यावर सकाळच्या सिस्टरने आणखी एक ६५० ची गोळी दिली. आधीची गोळी ५:४५ ची होती, म्हणजे मध्ये सव्वातीन तासच गेले होते. किमान चार तासांचे अंतर हवे होते. पंधरा तासांतील बेरीज २९५० मिलिग्रॅम झाली. चोवीस तासांच्या ४ ग्रॅमच्या मर्यादेच्या आत ती राहिली, पण त्याचे श्रेय माझ्या नोटेला नाही. दुपारी दीड वाजता ताप १०२.८ झाला, तेव्हा इनचार्ज सिस्टरांनी मला फोन करून विचारले, ‘‘रात्री खरंच ताप नव्हता का गं?’’

चूक नेमकी कुठे होती, ते नीट समजून घ्या. तोंडाने घेतलेल्या पॅरासिटामॉलचा परिणाम अर्ध्या-एक तासात दिसू लागतो आणि साधारण चार ते सहा तास टिकतो. ७:३० चा आकडा गोळीनंतर पावणेदोन तासांनी घेतलेला आहे. त्या वेळी ताप कमी दिसणारच. असा आकडा औषधाविषयी सांगतो, आजाराविषयी फार थोडे सांगतो. राउंडला जे हवे असते ते वेगळे आहे: शिखर किती होते, ते केव्हा आले, आणि औषधाचा अंमल ओसरल्यावर ताप किती तासांनी परतला. माझ्या रुग्णाचा ताप ११:५५ च्या औषधानंतर साडेपाच तासांनी परतला होता, आणि दुसरे शिखर पहिल्यापेक्षा दीड अंशाने खाली होते. ही दोन वाक्ये सर्वांत उपयोगाची होती आणि तीच मी लिहिली नाहीत.

नोट आपण इंग्रजीतच लिहितो, पण मजकूर कसा असावा ते मराठीत देते. ‘१२ तारीख, २३:४० ला थंडी वाजून ताप १०२.४, काखेत. डॉक्टरांना कळवले. २३:५५ ला पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून. १३ तारीख, ००:१५ ला शिखर १०३.४. ००:२० ला कल्चर, ००:४० ला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. ०२:०० ला १००, ०४:०० ला ९९.८. ०५:३० ला पुन्हा १०१.८, थंडी नाही. ०५:४५ ला पॅरासिटामॉल ६५० तोंडाने. ०७:३० ला ९९.२, गोळीनंतर पावणेदोन तासांनी. पुढचा डोस ०९:४५ च्या आधी नको. संध्याकाळी ६ पासून एकूण २३०० मिलिग्रॅम. कल्चरचा रिपोर्ट बाकी.’ सरावाने याला चार मिनिटे लागतात. तारीख मध्यरात्री बदलते, हे मुद्दाम लिहा. ‘रात्री १२:४०’ एवढेच लिहिले तर पुढच्या अँटिबायोटिकची वेळ ठरवताना कोणत्या रात्रीचे, असा गोंधळ होतो. रात्रभर तापमान एकाच जागी मोजा, कारण काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो आणि मध्येच जागा बदलली की नसलेला उतार दिसतो.

काही सीनियर सांगतात की पाच वाजता एकदम बसून सगळे चार्ट भरावेत. माझे मत स्पष्ट आहे: हा सल्ला ऐकू नका, मग तो देणारी सिस्टर कितीही प्रेमळ असो. आठवणीतून लिहिलेल्या वेळा नेहमी गोल असतात, आणि ज्या चार्टवर सगळे आकडे ९८.६ असतात, तो मी तरी वाचत नाही. मी एप्रनच्या खिशात एक घडी केलेला कागद ठेवते आणि थर्मामीटर खाली ठेवण्याआधी वेळ टिपते. ज्या इनचार्ज सिस्टरांनी मला फोन केला, त्यांनी रागावण्याऐवजी पुढचे पंधरा दिवस माझी प्रत्येक नोट मलाच मोठ्याने वाचायला लावली; तेव्हा मला ती शिक्षा वाटली होती.

पहिल्या महिन्यात एखादे रीडिंग राहून जाईल. तीस रुग्णांमागे दोघीच असताना ते होते, त्यासाठी स्वतःला फार दोष देऊ नका. पण तो रकाना अंदाजाने भरू नका. तो रिकामा ठेवा, बाजूला कारण लिहा, आणि जेव्हा तापमान घ्याल तेव्हा खरी वेळ रकान्याच्या वर लिहून ठिपका द्या, तो दोन रेघांच्या मध्ये आला तरी चालेल. चुकीची नोंद झालीच तर खाडाखोड न करता एक आडवी रेघ मारून शेजारी सही आणि वेळ टाका, म्हणजे खालचा मूळ आकडा वाचता येईल.